शशिधरचा सध्याचा पत्ता

निशिगंधा शेटेच्या टेबलाशी रोज निदान एक तरी माणूस भांडून जायचा. त्यात तिचा काही दोष नव्हता. शाहूपुरीतल्या त्या शाखेत तिच्या टेबलावर 'केवायसी' अशी पाटी होती, आणि ती पाटी दिसली की लोकांच्या कपाळाला आपोआप आठ्या पडायच्या. त्या दिवशी चिमणाबाई नावाच्या एक आजी आल्या होत्या. घर बदललं म्हणून त्यांनी वीजबिल, रेशनकार्ड, नातवाचा शाळेचा दाखला असं सगळं पिशवीत कोंबून आणलं होतं.

"आजी, नुसता पत्ताच बदललाय ना? नाव तेच, फोन तोच?" निशिगंधानं विचारलं.

"व्हय की."

"मग एवढं काही नको. ह्या कागदावर नवा पत्ता लिहून सही करा. बाकी आम्ही बघतो."

"आनि खरं कशावरनं धरणार तुमी?" आजींना एवढ्या स्वस्तात सुटका मान्य नव्हती.

"दोन महिन्यांच्या आत आम्ही त्या पत्त्यावर पत्र पाठवतो, नाहीतर आमचा माणूस येऊन बघून जातो. तुम्ही तिथं राहता हे कळलं की झालं. आधार-बिधार त्या पत्त्याचं असेल आणि दिलंत, तर तेही करावं लागत नाही."

मग आजींनी सुनेचं विचारलं. लग्नानंतरचं नाव लावायचं तर लग्नाचा दाखला किंवा राजपत्र हवं, ते नुसत्या सहीवर होत नाही. ईमेल घरबसल्या बदलता येतो, फक्त नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकावा लागतो. आणि मोबाइल नंबर बदलायचा तर? तिथं मात्र निशिगंधाचा आवाज थोडा कडक व्हायचा. "त्याला माणूस स्वतः यायला लागतो, आजी. अस्सल ओळखपत्र घेऊन. त्याच्या बदल्यात दुसरं कुणी चालत नाही."

आजी गेल्या आणि निशिगंधानं शाखेची मेलपेटी उघडली. पहिलाच मेल तिच्या भावाचा होता.

शशिधर शिवमूर्ती शेटे. खाते क्रमांक बरोबर, ईमेल नोंदवलेलाच. "माझा पत्ता बदलला आहे. नवीन पत्ता, घाटाजवळची धर्मशाळा, कुरुंदवाड. कृपया नोंद घ्यावी. आपला विश्वासू." पाच-सहा ओळींचा साधा अर्ज, असे रोज दहा यायचे. फक्त हा अर्ज करणारा माणूस सव्वा वर्षापूर्वी शिरोली एमआयडीसीत कामावर जातो म्हणून घरातून निघाला होता आणि त्याच्या चपला पंचगंगेच्या घाटावर सापडल्या होत्या.

चपलाच सापडल्या. माणूस नाही. होडीवाल्यांनी तीन दिवस नदी ढवळली, पोलिसांनी हरवल्याची नोंद केली, त्यानं घरीच विसरलेला मोबाइल तपासाला म्हणून नेला, आणि पुढं सगळं थंड पडलं. निशिगंधानं फोनचं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची तिलाच लाज वाटली. भावकीतली माणसं आता हळूच सुचवू लागली होती, की पोराचं दिवसकार्य उरकून घ्यावं, असं अधांतरी ठेवू नये. रत्नव्वा, म्हणजे या दोघांची आई, ऐकून घ्यायची आणि चहा पुढं करायची. तिला एकच पाहिजे होतं. पोरगा हाय का न्हाय, तेवढं कुणीतरी सांगावं. दोन्हीतलं काहीही चालेल, पण कळावं.

खरं तर निशिगंधानं तेव्हाच उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. नातेवाइकाचं खातं आपण हाताळायचं नाही, हे तिला पाठ होतं. पण ती या शाखेत चारच महिन्यांपूर्वी बदलून आली होती, शेटे आडनावाचे लोक कोल्हापुरात ढिगानं आहेत, आणि इथं कुणालाच काही माहीत नव्हतं. ती उठली नाही. तिनं पाणी प्यायलं, पत्ता सिस्टीममध्ये भरला आणि पडताळणीचं पत्र छापायला दिलं. छापून आलेल्या पत्रावरचं भावाचं नाव तिनं दोनदा वाचलं.

घरी तिनं अव्वाला, आपल्या आईला, काही सांगितलं नाही. बाई आशेवर जगतेय, त्यात खोटी फुंकर कशाला घाला, असा तिचा हिशेब. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीजवळच्या बोर्डावर शशीचा चार्जर अजून तसाच खोचलेला होता. अव्वा तो काढू द्यायची नाही आणि निशिगंधानंही कधी हट्ट धरला नव्हता. त्या रात्री तिला झोप नीट आली नाही. सकाळी केस विंचरताना तिचा हात सहज त्या चार्जरला लागला.

चार्जर कोमट होता.

तिनं बटण बघितलं, ते बंद होतं. ऊन आलं असेल खिडकीतून, असं तिनं स्वतःला समजावलं, पण त्या खिडकीत ऊन दुपारशिवाय येत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

बारा दिवसांनी पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलं होतं, 'असा इसम या पत्त्यावर राहत नाही.' मॅनेजर राजवर्धन घाटगे तरुण होता, कामाला पक्का होता आणि रिकाम्या गप्पा त्याला खपत नसत. त्यानं पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि खात्यावर 'पत्त्याची खात्री झाली नाही' असा शेरा मारायला सांगितलं. त्याच दिवशी दुपारी दुसरा मेल आला.

"माझा पत्ता बदलला आहे. नवीन पत्ता, कबनूर, पिराजी यांच्या यंत्रमागाच्या खोलीजवळ."

या वेळी पत्र नको, माणूसच पाठवू, असं राजवर्धननंच ठरवलं. शाखेचा शिपाई आकाराम मोटरसायकल घेऊन गेला. शशीचा खात्यावरचा फोटो त्यानं छापून खिशात घातला होता. तो परत येईपर्यंत निशिगंधानं तीन फॉर्म चुकीचे भरले आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं पासबुक दिलं. आकाराम आला तो टोपी काढून पंख्याखाली उभा राहिला.

"काय सांगू म्याडम. त्या मागवाल्यानं फोटो बघितला आनि गप झाला. म्हनला, असा एक माणूस हुता खरा. आठवडाभर मागाच्या पाठीमागं सुताच्या पोत्यावर झोपायचा. बोलायचा न्हाय, नाव सांगायचा न्हाय. माग चालू असल्यावं त्या खडखडाटात झोप लागायची त्येला, माग बंद पडलं की दचकून उठायचा. एक दिस उठून गेला, तो गेलाच."

"पण हाच होता का?" निशिगंधानं विचारलं.

"दाढी लई वाढल्याली, म्हनला. व्हय बी म्हनवंना, न्हाय बी म्हनवंना त्येला." आकारामनं आवाज खाली आणला. "पर येक सांगतो. आमच्या आधी कोनतरी येऊन गेलंय तिथं. ह्येच इचारून. फोटो दावून."

"पोलीस?"

"पोलीस न्हवं. त्यो मागवाला निसतं म्हनला, तुमच्या आधी बी इचारत आल्तं, आनि पुढं बोलंना."

शशीला आणखी कुणीतरी शोधत होतं, आणि ते कुणीतरी त्यांच्या पुढं एक पाऊल चालत होतं. राजवर्धनला मात्र वेगळाच वास आला. "मॅडम, हे सरळ दिसत नाही. खातेदाराचा ईमेल कुणाच्या तरी हातात पडलाय. आधी पत्ते बदलून बघायचे, आपण किती ढिले आहोत ते पाहायचं, मग मोबाइल नंबरावर यायचं. नंबर एकदा हातात आला की खातंच हातात आलं. आता नुसत्या घोषणेवर पत्ता घेऊ नका, कागद मागा. तो अधिकार आहे आपल्याला."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. भाऊ नदीत गेला आणि कुणी भामटा त्याच्या नावानं बँकेला पत्रं लिहितोय, हे सगळ्यात शहाणपणाचं उत्तर होतं. निशिगंधाला ते सहन होईना. ती स्वच्छतागृहात जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत टेबलावर येऊन बसली.

तिसरा मेल एका शुक्रवारी, शाखा बंद होता होता आला. हा आधीच्या दोन्हींसारखा नव्हता. त्यात 'कृपया' नव्हतं, 'आपला विश्वासू' नव्हतं.

"शिरोली. जुनी भट्टी. शशी."

शशी ही हाक घरातली होती. बँकेला पत्र लिहिणारा माणूस स्वतःला शशी म्हणत नाही. निशिगंधानं तो मेल राजवर्धनला दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. अव्वा भजनी मंडळाला जाते म्हणून सकाळीच बाहेर पडली होती, हल्ली तिचं भजन फारच वाढलं होतं. निशिगंधानं स्कूटर काढली आणि एकटीच शिरोलीला गेली.

शशी ज्या फाउंड्रीत कामाला होता ती बंद पडून वर्ष झालं होतं. आजूबाजूच्या कारखान्यांची घरघर चालू होती, त्यामुळं तिथली शांतता जास्तच जाणवत होती. फाटकाला कुलूप होतं, पण वॉचमनच्या खोलीशेजारची लहान झडप उघडी होती. म्हातारा वॉचमन बाजेवर पडून रेडिओ ऐकत होता. त्यानं तिला अडवलं नाही.

"हितं कोन न्हाय बाई," तो म्हणाला. "बघायचं आसंल तर बघा. भट्टीकडं जाऊ नका, पत्रा सैल झालाय."

भर दुपारचे बारा वाजले होते. शेडमध्ये काळ्या वाळूचे ढीग तसेच पडलेले, त्यावर मांजराच्या पावलांची नक्षी. साचे ओळीनं लावून ठेवलेले, जणू उद्या पाळी सुरू व्हायची आहे. जिथं कामगार डबे खात तिथल्या कठड्यावर एक डबा होता. घासलेला, धुतलेला, पालथा घातलेला, आणि त्याचं झाकण त्याच्याच वर तिरकं ठेवलेलं. शशी शाळेत असल्यापासून डबा तसाच ठेवायचा. झाकण आत बसवलं तर वास मारतो म्हणायचा. अव्वा त्यावरनं त्याला चिडवायची.

निशिगंधानं डब्याला हात लावला. तो ओला होता.

मग तिला जमीन दिसली. कठड्यापासून मागच्या भिंतीकडं ओली पावलं गेली होती. अनवाणी. डाव्या पायाचा अंगठा जरा आत वळलेला, शशीचा होता तसाच. चपला घाटावर राहिल्या, हे तिच्या डोक्यात आलं.

"शशी," ती म्हणाली. "शश्या, मी ताई हाय रे."

शेडच्या पलीकडं पत्रा वाजला. वाऱ्यानं असेल, पण बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. ती पावलांच्या मागं चालत गेली. पण ऊन वरच्या फुटक्या पत्र्यातून थेट खाली पडत होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक पाऊल कडेनं सुकत आत आत लहान होत चाललं होतं. टाच जायची, मग चवडा, शेवटी बोटांचे पाच ठिपके. ती भिंतीशी पोचली तेव्हा तिथं कोरडी जमीन होती आणि भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड होतं. पलीकडं उसाचं रान होतं.

परत येताना तिनं वॉचमनला विचारलं, की आत नळाला पाणी असतं का.

"पानी? नळ तोडून सा म्हैनं झालं की," म्हातारा म्हणाला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

सोमवारची वाट बघणं तिला जमेना. रविवारी ती घराबाहेरच पडली नाही. अव्वाकडं बघितलं की तोंडातून सगळं बाहेर पडेल अशी भीती वाटायची, म्हणून ती पाठ करून बसायची. अव्वाही त्या दिवशी फारशी बोलली नाही. दोघी एकमेकींपासून काहीतरी लपवत एकाच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या.

सोमवारी सकाळी तिनं शाखेच्या मेलवरून उत्तर लिहिलं. लिहिलं अगदी कोरडं, ठरलेल्या भाषेत. आपण कळवलेल्या पत्त्यांची खात्री होऊ शकली नाही. पुढील कोणत्याही बदलासाठी मूळ आधारकार्ड अथवा अन्य अधिकृत कागदपत्रासह स्वतः शाखेत यावे. 'स्वतः' हा शब्द टाइप करताना तिची बोटं थांबली. मग तिनं मेल पाठवला.

तीन मिनिटांत उत्तर आलं.

"आजच येतो. शशी."

त्यानंतर निशिगंधाला दारावरून नजर काढता येईना. कुणी आत आलं की काच ढकलल्याचा आवाज व्हायचा आणि ती हातातलं काम टाकून बघायची. दाढीवाले, टोपीवाले, हेल्मेट बगलेत धरलेले, सगळे तिला क्षणभर तोच वाटायचे. टोकनचे आकडे पुढं सरकत होते. अकराच्या सुमाराला तिच्या टेबलासमोर सत्तेचाळीस नंबर आला आणि खुर्चीवर रत्नव्वा येऊन बसली.

नवी इरकल नेसलेली, केस चापून बसवलेले, मांडीवर कापडी पिशवी.

"अव्वा? तू हितं काय करालीस?"

"त्यानं लिवलंय न्हवं, आज येतो म्हनून. मग मी घरात कशी बसू?" अव्वा म्हणाली आणि तिनं पिशवीतून हातरुमालात गुंडाळलेला फोन काढला. कोपऱ्यात काच तडकलेला, शशीचाच. "पोलिसांनी कवाच परत दिलाय. सई करून मीच आनला. तुला सांगितलं आसतं तर तू काढून घेतला आसतास."

निशिगंधाला चार्जर आठवला. अव्वाची वाढलेली सगळी भजनं आठवली. तिला एकदम हसायलाही आलं आणि संतापही आला. "म्हणजे ते मेल तू लिहिलेस? सव्वा वर्ष पोरगा बेपत्ता आहे अव्वा, आणि तू त्याच्या नावानं बँकेला खोटे पत्ते कळवतेस? माझा जीव जायचा राहिला होता!"

"खोटं कसं? मानसं सांगायची, कुरुंदवाडात बघितला, कबनुरात बघितला. मी जाऊन आले की. पर म्हातारीला कोन दाद देतंय, हुसकून लावत्यात. तूच घरी सांगितलं हुतंस, नवा पत्ता कळिवला की बँक पत्र धाडती, मानूस धाडती, खात्री केल्याबिगर सोडत न्हाय. शेजारच्या संयोगिताकडनं लिवून घेतलं." रत्नव्वाचा आवाज चढला, रांगेतली माणसं बघायला लागली. "पोलीस शोधंनात, भावकी शोधंना. म्हटलं, माझ्या लेकीची बँक तरी शोधंल!"

नियमांचं जे पुस्तक ती रोज लोकांच्या तोंडावर मारायची, त्यातून तिच्या आईनं पोराला शोधायची वाट काढली होती. तिनं टेबलावरून हात पुढं करून अव्वाचा हात धरला. आणि मग तिला शिरोली आठवली.

"मग ती जुनी भट्टी? ती कुणी सांगितली तुला?"

"तेच तर सांगायलीया." अव्वानं फोन तिच्यापुढं सरकवला. "पयली दोनच मी लिवली. तिसरं मी न्हाय. शुक्रवारी फोन बघितला तर त्येच्या खात्यातनं आपोआप गेल्यालं. आनि आजचं बी. फोन माझ्या उशाखाली हुता निशा. कोन लिवलं मग?"

कुणीतरी दुसऱ्या फोनवरून तोच ईमेल उघडत होतं. ज्याला त्याचा पासवर्ड ठाऊक होता असं कुणीतरी. भामटा, नाहीतर तो.

निशिगंधा उठली आणि राजवर्धनच्या केबिनमध्ये गेली. हा माझा भाऊ आहे, तिनं सांगितलं, आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. राजवर्धनचा चेहरा आधी लाल झाला. हे आधी सांगायला हवं होतं, याची चौकशी होऊ शकते, असं तो तिला दोनदा म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग त्यानं काचेतून बाहेर बसलेल्या बाईकडं बघितलं. त्यानं तिला त्या खात्यापासून बाजूला केलं आणि अव्वाला बसायला आतली खुर्ची पाठवून दिली.

दोघी थांबल्या. जेवणाची वेळ गेली. अव्वानं आणलेल्या भाकरी-झुणक्याची पुरचुंडी कुणी सोडलीच नाही. बाहेर दुपार सरली. पावणेचारला शेवटचं टोकन संपलं, आकाराम शटर अर्धं खाली ओढायला गेला, आणि अव्वाच्या मांडीवरचा फोन थरथरला.

निशिगंधानं तो हातात घेऊन संदेश वाचला. आपल्या खात्याचा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलण्याची विनंती प्राप्त झाली आहे. ही विनंती आपण केली नसल्यास त्वरित कळवा.

नंबर बदलताना असा संदेश जुन्या नंबरवरही जातो, कुणी चोरून बदलत असेल तर खऱ्या माणसाला कळावं म्हणून. ती केबिनकडं धावली. "सर, थांबवा! नंबर बदलतायत!"

राजवर्धननं खातं उघडलं. तो नुसता माउस हलवत होता. मग त्यानं अव्वाला आत बोलवून घेतलं.

"विनंती आपल्या निपाणी शाखेतून आली आहे. कुठल्याही शाखेत जाता येतं, त्यामुळं... खातेदार स्वतः तिथं गेला आहे." तो अडखळला. "कागदाची नुसती प्रत असती तर मी थांबवलं असतं. पण त्यांनी आधारवर बोट लावून घेतलंय. बोटाचा ठसा जुळलाय."

"म्हंजे?" अव्वानं निशिगंधाकडं बघितलं.

"म्हंजे बोट त्याचंच हाय अव्वा." निशिगंधानं तिचा हात धरला. "आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. शशी जिता हाय."

रत्नव्वा खाली बसली. खुर्ची होती, पण ती जमिनीवरच बसली, आणि दोन्ही हात फरशीवर टेकवून मोठ्यानं रडली. आकाराम दारात उभा होता, त्यानं टोपी काढली.

रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, ते कुणाच्याही मनात आलं असतं तेच. "नवा नंबर काय हाय? मला दे."

"नाही देता येत, आई," राजवर्धन म्हणाला. त्याला ते म्हणताना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "खातेदार सज्ञान आहे. त्याच्या परवानगीशिवाय मी तुम्हालाच काय, ह्यांनाही दाखवू शकत नाही."

निशिगंधानं मान खाली घातली. रोज परक्या लोकांना ती हेच सांगायची. फोन तिच्या हातात पुन्हा थरथरला. ईमेल बदलल्याचा संदेश होता. तिनं घाईनं मेलपेटी उघडली, तर ती पासवर्ड मागायला लागली. जुना पासवर्ड आता चालत नव्हता. पोरानं आपल्यापर्यंत येणारी एकेक वाट मोजून बंद केली होती. आपण शोधतोय हे त्याला मेलपेटीत दिसलं होतं, म्हणून त्यानं एकदा भट्टीवर बोलावून आपल्याला लांबून बघून घेतलं असेल, आणि मग ठरवलं असेल. त्या दुपारी उसाच्या पाटात डबा आणि पाय धुऊन आलेला तो पत्र्याआड होता, याची तिला आता खात्रीच पटली, आणि त्याचा राग आला, फार राग आला.

"पत्ता?" अव्वानं डोळे पुसत विचारलं. "पत्ता कुठला घातलाय त्यानं?"

राजवर्धननं स्क्रीनकडं बघितलं, मग दोघींकडं. नियमात हे बसतं का, याचा तो विचार करत होता. शेवटी त्यानं सावकाश सांगितलं, "मधले दोन्ही पत्ते त्यांनी काढून टाकायला सांगितलेत. आधारवर आहे तोच पत्ता ठेवलाय. शुक्रवार पेठ."

"म्हंजे आमचं घर?"

"हो."

रत्नव्वानं निशिगंधाच्या हातातून फोन घेतला. मग तो हातरुमालात गुंडाळून तिनं पिशवीत ठेवला.

"मग आता त्यो घरी ऱ्हातो का, बघायला बँक मानूस धाडनार का आमच्याकडं?"

"नाही आई. आधारवरच तोच पत्ता आहे. मग माणूस पाठवायची गरज पडत नाही."

"पर धाडला तरी चालंल," अव्वा उठत म्हणाली. "कवाबी धाडा. ऱ्हातो म्हनून मी सई करीन."

घरी पोचल्यावर तिनं फोन चार्जरला लावला, आणि त्या दिवसापासून बटण चालूच ठेवलं.